‘स्टे मिळाला काका!’ ते प्रकरणस्थितीचे पत्र : कनिष्ठ वकिलांसाठी मार्गदर्शक

वरिष्ठ फाईल पुढे सरकवतात आणि सांगतात, “पक्षकाराला आजवर मोबाईलवर काय काय कळवले आहे ते बघ आणि एक व्यवस्थित पत्र तयार कर.” नवा कनिष्ठ वकील मोबाईल उघडतो, संदेश वर सरकवत नेतो आणि त्यातले एकेक वाक्य शुद्ध भाषेत उतरवू लागतो. ‘केस आपलीच आहे’ या वाक्याचे ‘सदर प्रकरणी आपली बाजू भक्कम असून अनुकूल निकाल प्राप्त होईल, याबाबत आम्ही आश्वस्त आहोत’ असे होते. भाषा बदलली, आश्वासन मात्र होते तेच राहिले. इतकेच की आधी ते मोबाईलच्या पडद्यावर होते, आता ते कार्यालयाच्या लेटरहेडवर, सहीच्या वर जाऊन बसले.

माझ्याकडे तपासायला येणाऱ्या बहुतेक मसुद्यांत हीच चूक असते आणि तिचे कारण भाषेत नसून कामाच्या क्रमात असते. प्रकरणस्थितीच्या पत्राचा कच्चा माल संदेश नव्हेत. तो रोजनामा आणि आदेश आहे. संदेशांचा उपयोग वेगळा आहे. पक्षकार या क्षणी काय समजून बसला आहे, हे त्यांवरून कळते, आणि पत्राने त्यातील काय कायम करायचे व काय दुरुस्त करायचे, हे ठरवता येते. पुढील सगळ्या पायऱ्या याच भेदावर उभ्या आहेत, म्हणून त्या एकाच उदाहरणावर घेतो. उदाहरण रचलेले आहे, पण त्यातले एकही वाक्य कोणत्याही वकिलाच्या मोबाईलमध्ये सापडणार नाही, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

उदाहरण

पक्षकार वादी आहे. त्याच्या आणि शेजाऱ्याच्या जमिनीमधील एका अरुंद पट्ट्यावरून वाद आहे आणि शेजारी तेथे भिंतीसाठी पाया खणण्याच्या तयारीत आहे. कायम मनाईचा दावा दाखल झाला आहे व त्यासोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज, म्हणजे आपल्या बोलण्यातली ‘निशाणी पाच’, दाखल आहे. ५ मार्च २०२५ रोजी प्रतिवादी वकिलांमार्फत हजर झाला आणि त्याने म्हणणे देण्यासाठी मुदत मागितली. त्या दुपारी कनिष्ठ वकिलाने पक्षकाराला पाठवलेला संदेश असा :

“काका, काम झालं! स्टे मिळाला. आता ते भिंतीला हातही लावू शकत नाहीत. जजसाहेब पण म्हणाले, कागद तुमचेच पक्के दिसतात. २६ तारखेला त्यांचं म्हणणं आलं की लगेच ऑर्डर होऊन जाईल. टेन्शन घेऊ नका, केस आपलीच आहे. मोजणीचा नकाशा तेवढा पाठवा.”

थोड्या वेळाने पक्षकाराचे उत्तर आले : “खूप आभारी आहे साहेब. नकाशा उद्या पाठवतो. मग मी आता तारेचं कुंपण घालून घेऊ का?” त्यावर कनिष्ठाकडून अंगठ्याचे चिन्ह गेले. त्याच्या मनात ते ‘नकाशा उद्या पाठवतो’ याची पोच म्हणून होते. पक्षकाराने ते कुंपणाला दिलेली परवानगी म्हणून वाचले, आणि त्याने तसे वाचले यात त्याची काहीच चूक नाही.

पहिली पायरी : संदेशांची छाननी

दावा दाखल झाल्यापासूनचे सर्व संदेश, ध्वनिसंदेश आणि चिन्हे तारखेनुसार एका कागदावर उतरवून घ्यावीत. केवळ आपले संदेश घेऊन भागत नाही, पक्षकाराचे प्रश्नही घ्यावे लागतात, कारण गैरसमज बहुधा आपल्या वाक्यात नसतो, तर पक्षकाराने त्यावर विचारलेल्या आणि आपण अर्धवट उत्तर दिलेल्या प्रश्नात असतो. वरील अंगठा हे त्याचे चांगले उदाहरण आहे. एकही संदेश खोडू नये. खोडलेल्या संदेशाची जागा समोरच्याच्या पडद्यावर तशीच दिसत राहते, आणि पुढे वाद झालाच तर चुकीच्या संदेशापेक्षा खोडलेला संदेश जास्त अडचणीचा ठरतो.

मग प्रत्येक वाक्यापुढे चारपैकी एक खूण करावी : घडले, ऐकले, वाटले, कबूल केले. ‘प्रतिवादीने मुदत मागितली’ हे घडलेले आहे आणि त्याचा पुरावा रोजनाम्यात मिळतो. ‘जजसाहेब म्हणाले’ हे ऐकलेले आहे. ‘केस आपलीच आहे’ हे वाटलेले आहे. ‘लगेच ऑर्डर होऊन जाईल’ हे कबूल केलेले आहे, आणि तेही आपल्या हातात नसलेल्या गोष्टीबद्दल. ही छाननी करताना नवख्यांना एक धक्का बसतो, तो असा की आपल्या संदेशातील ‘घडले’ या खुणेची वाक्ये दोन किंवा तीनच निघतात. वरच्या संदेशात तर एकच निघते, ‘स्टे मिळाला’, आणि तेही पुढच्या पायरीवर टिकत नाही.

मराठीत आश्वासन कुठे लपते, हे ओळखण्याची सवय येथे लावून घ्यावी. सर्वांत मोठा दोषी आहे तो ‘च’. ‘मिळेल’ आणि ‘मिळेलच’, ‘आपली बाजू’ आणि ‘आपलीच बाजू’ यांतले अंतर एका अक्षराचे असले, तरी पक्षकाराला ऐकू येते ते तेवढेच अक्षर. त्यानंतर ‘होऊन जाईल’, ‘करून टाकू’, ‘उडवून लावू’ अशी संयुक्त क्रियापदे येतात, ज्यांत काम आधीच झाल्यासारखे वाटते. ‘फक्त फॉर्मॅलिटी आहे’ आणि ‘एका तारखेचे काम आहे’ हीही त्याच कुळातली. आणखी एक सूक्ष्म जागा म्हणजे ‘आपण’. ‘आपण जिंकू’ या वाक्यात वकील स्वतःच पक्षकार होऊन बसतो. पत्रात ‘आपण’ म्हणजे पक्षकार आणि ‘आम्ही’ म्हणजे कार्यालय, एवढी रेघ स्वच्छ ओढलेली असावी.

दुसरी पायरी : मूळ नोंद मिळवणे

आता संदेश बाजूला ठेवून त्या तारखेचा रोजनामा आणि निशाणी ५ वरील आदेश वाचायचा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर १६ अक्षर-अंकांच्या सीएनआर क्रमांकावरून प्रकरणाचा टप्पा व पुढची तारीख दिसते, परंतु आदेशाचा मजकूर तेथे त्याच दिवशी चढलेला असेलच असे नाही. म्हणून पुढची तारीख आणि टप्पा पाहून आदेशाचा अंदाज बांधू नये. न्यायालयात जाऊन आदेश वाचावा आणि महत्त्वाच्या आदेशाची प्रमाणित नक्कल मागण्याचा अर्ज लगेच द्यावा. पत्राची घाई असेल, तर वाचलेला आदेश शब्दशः उतरवून घ्यावा व पत्रात ‘प्रमाणित प्रत मिळताच पाठवू’ असे म्हणावे.

आपल्या उदाहरणात आदेश वाचल्यावर काय निघाले? न्यायालयाने प्रतिवादीला मुदत दिली आणि पुढील तारखेपर्यंत दोन्ही पक्षांनी वादातील पट्ट्याबाबत ‘जैसे थे’ स्थिती राखावी, असे फर्मावले. बोलीत याला सर्रास ‘स्टे’ म्हणतात आणि वकिलांमध्ये त्याने काही बिघडत नाही. परंतु पक्षकाराच्या डोक्यात ‘स्टे’ याचा अर्थ ‘समोरच्याला अडवले’ एवढाच असतो. एकतर्फी मनाई आणि ‘जैसे थे’ यांत त्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण दुसऱ्या प्रकारात त्याचेही हात बांधलेले आहेत. कुंपण घालणे हा त्या आदेशाचा भंग ठरेल, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम २अ खाली अशा भंगासाठी मालमत्तेची जप्ती व तीन महिन्यांपर्यंतची दिवाणी कैद होऊ शकते. म्हणजे ‘काम झालं’ या आनंदाच्या संदेशाने आपलाच पक्षकार अवमानाच्या उंबरठ्यावर आणून ठेवला होता.

अशी गोष्ट लक्षात आली की पत्राची वाट पाहायची नाही. आधी दूरध्वनी करायचा, कुंपण घालू नका असे स्पष्ट शब्दांत सांगायचे, त्या संभाषणाची तारीख व वेळ फाईलवर लिहायची, आणि मग पत्र. कनिष्ठांना येथे वरिष्ठांना सांगण्याचा संकोच वाटतो. पण हा संकोच एक दिवस टिकला आणि त्या एका दिवसात खांब रोवले गेले, तर मग सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही.

तिसरी पायरी : जे हातात नाही त्याची भाषा

भूतकाळ लिहिणे सोपे असते, कारण रोजनामा समोर असतो. अडचण येते ती ‘पुढे काय’ या परिच्छेदात. येथे प्रत्येक भविष्यकालीन वाक्याला एकच प्रश्न विचारावा : हे करणारा कोण? कर्ता आपले कार्यालय असेल, तर तारीख देऊन निश्चित लिहावे. कर्ता प्रतिवादी किंवा न्यायालय असेल, तर ‘अपेक्षित आहे’, ‘शक्यता आहे’, ‘न्यायालय ठरवील’ यांपैकी जे लागू असेल ते लिहावे, आणि तसे न झाल्यास काय, हेही त्याच वाक्यात सांगावे. ‘२६ तारखेला ऑर्डर होऊन जाईल’ या वाक्यात कर्ताच नाही, हे पाहण्यासारखे आहे. ऑर्डर जणू आपोआप ‘होते’. कर्ता शोधायला गेलो की लगेच दिसते की प्रतिवादीने म्हणणे दाखल करायला हवे, मग युक्तिवाद व्हायला हवा आणि मग न्यायाधीशांनी निर्णय द्यायला हवा. तीन वेगळे टप्पे आणि त्यांतला एकही पूर्णपणे आपल्या ताब्यात नाही.

कायद्यात मुदत लिहिलेली असली, की कनिष्ठांना धीर येतो आणि ते ती मुदत पक्षकाराला खात्री म्हणून देतात. हे विशेष सांभाळावे. समन्स बजावल्यापासून प्रतिवादीने ३० दिवसांत कैफियत द्यावी आणि न्यायालय कारणे नोंदवून ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते, असे आदेश ८, नियम १ सांगतो. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ‘कैलाश विरुद्ध नन्हकू’ या निर्णयात ही तरतूद साधारण दाव्यांपुरती निदेशात्मक मानली असून अपवादात्मक परिस्थितीत ९० दिवसांनंतरही कैफियत स्वीकारली जाऊ शकते. वाणिज्यिक दाव्यांत मात्र १२० दिवसांची मर्यादा कडक आहे. त्यामुळे ‘९० दिवसांत त्यांना उत्तर द्यावेच लागेल’ हे वाक्य कायद्याच्या पुस्तकातून उचललेले असूनही वाजवीपेक्षा मोठे आश्वासन आहे. शिवाय ही मुदत कैफियतीची आहे, निशाणी ५ वरील म्हणण्याची नव्हे. मसुद्यांत या दोहोंची गल्लत मी वारंवार पाहतो.

चौथी पायरी : मूल्यमापन कसे लिहावे

अतिआश्वासनाची धास्ती घेतलेला कनिष्ठ दुसऱ्या टोकाला जातो आणि ‘निकाल न्यायालयाच्या अखत्यारीत असल्याने काहीही सांगता येत नाही’ एवढे लिहून मोकळा होतो. हेही पक्षकारावर अन्यायाचेच आहे. त्याला समेटाचा विचार करायचा असतो, खर्चाची तजवीज करायची असते, घरच्यांना काही सांगायचे असते. त्याने वकील नेमला तो मत मिळावे म्हणून. तेव्हा मत द्यायचे, पण ते कारणांसकट, उणिवेसकट आणि आजच्या तारखेपुरते.

तात्पुरत्या मनाईसाठी न्यायालय तीन गोष्टी पाहते : प्रथमदर्शनी बाजू, सोय-गैरसोयीचा तोल आणि भरून न येणारे नुकसान. या तिन्हींची नावे पत्रात घालून पक्षकाराला धडा देण्याची गरज नाही. लिहिणाऱ्याने मात्र त्या मनात ठेवून स्वतःला विचारावे की यांपैकी कोणती गोष्ट कोणत्या कागदावर उभी आहे. आपल्या उदाहरणात पहिली गोष्ट खरेदीखत आणि मोजणीचा नकाशा यांवर उभी आहे. फाईल नीट पाहिल्यावर कळते की मोजणीच्या वेळी शेजारी हजर नव्हता, आणि त्याला मोजणीची नोटीस मिळाल्याची पोच फाईलमध्ये नाही. हा नकाशावरचा सर्वांत सोपा आक्षेप आहे. तो आला तर न्यायालय आदेश २६, नियम ९ खाली कोर्ट कमिशनर नेमून पुन्हा मोजणी करून घेऊ शकते, आणि त्या मोजणीत रेघ कुठे पडेल हे आज कोणालाच ठाऊक नाही. ‘कागद पक्के आहेत’ असे कळवलेल्या पक्षकाराला ही गोष्ट आत्ता सांगितली, तर त्याची थोडी निराशा होते. कमिशनरचा अहवाल विरुद्ध गेल्यावर प्रथमच सांगितली, तर त्याला फसवणूक झाल्यासारखे वाटते.

यशाची टक्केवारी कधीही देऊ नये. ‘सत्तर टक्के’ म्हटले की ऐकणारा त्याचा अर्थ ‘होणारच’ असा करतो, आणि तो आकडा कोठून आला, हे आपल्यालाही सांगता येत नाही.

राहिला न्यायाधीशांचा उद्गार. तो मी पत्रात घेत नाही. तो रोजनाम्यात नसतो, सुनावणीच्या ओघात न्यायाधीश दोन्ही बाजूंना टोचून पाहतात, आणि ‘कागद तुमचेच पक्के दिसतात’ याच्या पाठोपाठ ‘मग मोजणीची नोटीस कुठे आहे?’ असा प्रश्न आलेला असू शकतो, जो संदेशात उतरलेला नसतो. पक्षकाराने विचारलेच, तर समोरासमोर सांगावे की तो निर्णय नव्हता.

पाचवी पायरी : पत्र

वरील सगळे जमवून तयार झालेले पत्र असे दिसेल. परिच्छेदांना क्रमांक दिले आहेत, कारण पुढच्या पत्रात ‘आमच्या ७ मार्चच्या पत्रातील परिच्छेद ५’ असा नेमका उल्लेख करता येतो.

> दिनांक : ७ मार्च २०२५
>
> प्रति,
> श्री. (पक्षकाराचे नाव व पत्ता)
>
> विषय : नियमित दिवाणी दावा क्रमांक (…), तात्पुरत्या मनाईच्या अर्जाची (निशाणी ५) आजअखेरची स्थिती.
>
> सप्रेम नमस्कार,
>
> १. वरील अर्जावर ५ मार्च २०२५ रोजी सुनावणी झाली. प्रतिवादी वकिलांमार्फत हजर झाले व त्यांनी म्हणणे देण्यासाठी मुदत मागितली. न्यायालयाने ती दिली आणि पुढील तारखेपर्यंत, म्हणजे २६ मार्च २०२५ पर्यंत, दोन्ही पक्षांनी दाव्यातील पट्ट्याबाबत ‘जैसे थे’ स्थिती राखावी, असा आदेश केला. प्रमाणित प्रतीसाठी आम्ही ६ मार्च रोजी अर्ज केला असून ती मिळताच आपणांस पाठवू.
>
> २. हा आदेश आपणांस व प्रतिवादींस सारखाच लागू आहे. तो अमलात असेपर्यंत प्रतिवादींनी त्या पट्ट्यात बांधकाम करावयाचे नाही, तसेच आपणही तेथे कुंपण, खांब, खोदकाम किंवा अन्य कोणताही बदल करावयाचा नाही. आदेशाचा भंग करणाऱ्याची मालमत्ता जप्त करण्याचा व त्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेत ठेवण्याचा अधिकार न्यायालयास आहे. तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर अद्याप निर्णय झालेला नाही.
>
> ३. ५ मार्च रोजी आमच्याकडून मोबाईलवर पाठवलेल्या संदेशात ‘स्टे मिळाला’ असे म्हटले होते. त्याचा नेमका अर्थ परिच्छेद १ व २ मध्ये दिल्याप्रमाणे समजावा. कुंपणाबाबतच्या आपल्या प्रश्नानंतर आमच्याकडून गेलेले चिन्ह ही संमती नव्हती. कुंपण घालू नये, असा आमचा सल्ला असून तो ६ मार्च रोजी दूरध्वनीवरही आपणांस सांगितला आहे. निकालाविषयी व निर्णयाच्या तारखेविषयी त्या संदेशात व्यक्त केलेल्या अपेक्षांऐवजी या पत्रातील परिच्छेद ४ व ५ विचारात घ्यावेत.
>
> ४. २६ मार्च रोजी प्रतिवादींचे म्हणणे दाखल होणे अपेक्षित आहे. ते दाखल झाल्यास अर्ज युक्तिवादासाठी ठेवला जाण्याची शक्यता आहे. दाखल न झाल्यास न्यायालय आणखी मुदत देऊ शकते किंवा म्हणण्याविना पुढे जाऊ शकते. ‘जैसे थे’ आदेश पुढे चालू ठेवावा, अशी विनंती आम्ही त्या दिवशी करू. त्यावर न्यायालय निर्णय घेईल. अर्जावर निर्णय केव्हा होईल, हे आज निश्चित सांगता येत नाही. निर्णय झाल्यावर ज्याच्याविरुद्ध तो जाईल त्या पक्षास अपील करता येते.
>
> ५. आज उपलब्ध असलेल्या कागदपत्रांवरून आमचे मत असे आहे. खरेदीखत व मोजणीचा नकाशा हे आपल्या बाजूचे मुख्य आधार आहेत. मात्र मोजणीच्या वेळी प्रतिवादी हजर नव्हते व त्यांना नोटीस मिळाल्याची पोच आमच्याकडे नाही, त्यामुळे ते नकाशास आक्षेप घेऊ शकतात. तसे झाल्यास न्यायालय कमिशनर नेमून नव्याने मोजणी करून घेऊ शकते, व तिचा निष्कर्ष सध्याच्या नकाशाशी जुळेल किंवा जुळणार नाही. प्रतिवादींचे म्हणणे हाती आल्यावर आम्ही हे मत पुन्हा तपासून आपणांस लेखी कळवू.
>
> ६. मूळ मोजणी नकाशा आणि मोजणीच्या नोटिशीची पोच आपल्याकडे असल्यास ती २० मार्चपर्यंत कार्यालयात द्यावी. पोच नसल्यास तसेही कळवावे. प्रतिवादींनी पट्ट्यात काम सुरू केल्याचे दिसल्यास त्याची छायाचित्रे काढून त्याच दिवशी आम्हास कळवावे. स्वतः काम अडवण्याचा प्रयत्न करू नये.
>
> आपला,
> (वरिष्ठ वकिलांची सही)

या पत्रातील तिसरा परिच्छेद लिहिताना सर्वांत जास्त हात थरथरतो. कित्येक कार्यालये तो गाळतात आणि नवे पत्र जुन्या संदेशावर आपोआप मात करील, असे गृहीत धरतात. तसे होत नाही. पक्षकार दोन्ही जपून ठेवतो आणि त्याला जे आवडते त्यावर विश्वास ठेवतो. म्हणून चुकीच्या संदेशाचा तारखेसह उल्लेख करायचा, त्याची जागा कोणता परिच्छेद घेतो ते सांगायचे, आणि तेथेच थांबायचे. कनिष्ठाला नावाने दोष देणे किंवा लांबलचक दिलगिरी व्यक्त करणे या परिच्छेदाचे काम नव्हे. संदेश कार्यालयाकडून गेला होता, दुरुस्तीही कार्यालयाकडूनच जाते.

पाचव्या परिच्छेदातील ‘जुळेल किंवा जुळणार नाही’ हे वाक्य रुक्ष वाटते आणि मसुद्यात ते ‘जुळेल अशी आशा आहे’ असे करून येते. आशा पक्षकाराकडे भरपूर असते. ती आपण पुरवायची गरज नाही. त्याच परिच्छेदात उणीव सांगितली असल्यामुळे हे पत्र कोणाच्या हाती पडते, यालाही महत्त्व आहे. वकील व पक्षकार यांच्यातील पत्रव्यवहाराला भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ चे संरक्षण आहे, परंतु पक्षकाराने स्वतःच ते पत्र गावभर दाखवले, तर उणीव शेजाऱ्यापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. पत्र हाती देताना हे तोंडी सांगावे.

सहावी पायरी : सहीपूर्वीची वाचणी

मसुदा तयार झाल्यावर तो तीनदा वाचावा आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट पाहावी. पहिल्या वाचनात प्रत्येक तारीख, क्रमांक आणि आदेशाचा शब्द मूळ नोंदीशी ताडून पाहावा. दुसऱ्या वाचनात फक्त ‘च’, ‘नक्की’, ‘निश्चित’, ‘लवकर’ आणि ‘लगेच’ हे शब्द शोधावेत. ‘लवकर’ हा दिसायला निरुपद्रवी शब्द जवळजवळ प्रत्येक मसुद्यात सापडतो, आणि त्याजागी एकतर तारीख यावी किंवा काहीच येऊ नये. तिसऱ्या वाचनात आपण पक्षकार आहोत, असे समजून पत्र संपताच स्वतःला विचारावे : उद्या सकाळी मी काय करायचे आणि काय करायचे नाही? उत्तर चटकन आले नाही, तर पत्र कितीही सावध असले तरी ते पुन्हा लिहावे लागेल.

‘उपरोक्त’, ‘सबब’, ‘तद्नुषंगाने’ असे शब्द या वाचनांत आपोआप गळतात, कारण त्यांच्यामागे बहुधा अर्धवट समजलेली गोष्ट दडलेली असते. दाव्याच्या मसुद्यात त्यांची जागा असेल; पक्षकाराला लिहिलेल्या पत्रात नाही.

सही झाल्यावर पत्र स्पीड पोस्टने किंवा ईमेलने पाठवावे आणि पोच फाईलला लावावी. मोबाईलवर मात्र पत्राचा सारांश पाठवण्याचा मोह आवरावा, कारण सारांशात पुन्हा ‘स्टे’ येतो. तेथे एवढेच लिहावे : “काका, ५ मार्चच्या सुनावणीबाबत सविस्तर पत्र आज ईमेलने पाठवले आहे. परिच्छेद २ आणि ६ आधी वाचावेत. पट्ट्यात कोणताही बदल करू नये. काही शंका असल्यास संध्याकाळी सहानंतर फोन करावा.” त्यावर पक्षकाराकडून अंगठ्याचे चिन्ह आले, तर ती पोच मानू नये, फोन करून त्याला परिच्छेद २ चा अर्थ त्याच्याच शब्दांत विचारावा आणि तो काय म्हणाला, ते फाईलवर लिहून ठेवावे.